मोहल्ल्यातले मेडिकल आणि चार रकान्यांचा कागद

मुलाने डी.फार्म केले, फार्मसी कौन्सिलमध्ये नाव नोंदवले आणि मोहल्ल्याच्या तोंडाशी दहा बाय बाराचे मेडिकल सुरू केले, अशी घरे आपल्या वाचकांत बरीच आहेत. दोन-चार वर्षे दुकान बरे चालते. मग मोठ्या रस्त्यावर सवलतीचे मेडिकल निघते, मोबाइलवर औषधे मागवणारे वाढतात, आणि घरात चर्चा सुरू होते की आता करायचे काय. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो, ‘स्वॉट करा.’ म्हणजे एका कागदावर चार रकाने पाडा आणि आपले बळ, आपली उणीव, समोरची संधी आणि समोरचा धोका लिहून काढा. कागद भरतो, गल्ल्याखाली जातो आणि तिथेच राहतो.

असे का होते, ते या वेळी पाहू. त्यासाठी एक दुकान डोळ्यांसमोर आणू. त्यातले आकडे आम्ही हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, रीत मात्र कोणत्याही दुकानाला लागू पडेल. मालक स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट. हाताखाली एक मुलगा. महिन्याची विक्री 2 लाख 40 हजारांच्या आसपास. मालकाने कागद भरला तो असा. बळ: ओळख चांगली, सेवा चांगली. उणीव: भांडवल कमी. संधी: शुगर-बीपीचे रुग्ण वाढत आहेत. धोका: सवलतीचे दुकान.

यातले एकही वाक्य खोटे नाही, पण एकाही वाक्यावरून उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही. ‘सेवा चांगली’ हे तर सवलतीचा दुकानदारही स्वतःबद्दल लिहील. म्हणून पहिला नियम आम्ही असा सांगू की ज्या ओळीला मोजून पुरावा देता येत नाही, ती कागदावर ठेवू नये.

पुरावा जमवायला मोठा खटाटोप लागत नाही. चौदा दिवस काउंटरवर एक वही ठेवा आणि तिला ‘नाही’ची वही म्हणा. गिऱ्हाइकाने मागितलेले जे औषध दुकानात नव्हते, त्याचे नाव, तारीख आणि मागणारा नेहमीचा होता की नवखा, एवढेच लिहायचे. हाताखालच्या मुलालाही लिहायला लावायचे, कारण निम्मे ‘नाही’ तोच म्हणत असतो.

आपल्या दुकानाच्या वहीत चौदा दिवसांत 61 ‘नाही’ भरले. यादी लावल्यावर दिसले की त्यातले 38 फक्त नऊ औषधांचे होते आणि ती जवळपास सगळी शुगर, बीपी व थायरॉइडची रोज घ्यायची औषधे होती. मागणारेही बहुतेक ओळखीच्या घरांतले होते. म्हणजे ‘भांडवल कमी’ ही उणीव आणि ‘शुगर-बीपीचे रुग्ण’ ही संधी वेगळ्या रकान्यांत बसली होती, पण गोष्ट एकच होती. दरमहा ठरलेले औषध घेणारे गिऱ्हाईक दारात येऊन रिकाम्या हाताने परतत होते.

इथे काही जण म्हणतील, मग दुसऱ्या कंपनीची तीच गोळी द्यावी. तसे करता येत नाही. चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरे औषध, त्यात घटक तोच असला तरी, विक्रेत्याला आपल्या मनाने देण्यास औषध नियमांची मनाई आहे. डॉक्टरांना विचारावे लागते. म्हणून या धंद्यात ‘नाही’ महाग पडतो.

व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक हाइंझ वाइरिच यांनी 1982 मध्ये नेमका याच गोष्टीवर भर दिला होता. चार रकाने भरून थांबू नका, आतल्या रकान्यातली एक ओळ आणि बाहेरच्या रकान्यातली एक ओळ समोरासमोर ठेवा आणि दोघींतून काय करता येते ते विचारा. आपल्या दुकानासाठी अशा तीन जोड्या पुरेत.

पहिली जोडी उणीव आणि संधीची, म्हणजे वहीने दाखवलेली. यातून काम निघते ते महिन्याच्या पुडक्याचे. ओळखीच्या वीस घरांना विचारायचे, ‘तुमचे महिन्याचे औषध आम्ही आधीच बांधून ठेवले तर चालेल का?’ हो म्हणतील त्यांच्या चिठ्ठीवरून औषधे आणि संपण्याची तारीख एका वहीत उतरवायची. संपण्याच्या तीन दिवस आधी फोन करायचा, डॉक्टरांनी औषध बदलले का ते विचारायचे आणि मगच स्टॉकिस्टकडे मागणी नोंदवायची. असे केल्याने माल आला की दोन दिवसांत जातो आणि पैसा अडकत नाही. पुडके बंद पिशवीत द्यावे. कोणाला काय आजार आहे हे गल्लीला कळता कामा नये.

वीस घरांबाहेरच्यांसाठी त्या नऊ औषधांच्या किमान दोन स्ट्रिप नेहमी ठेवायच्या. त्याला अडीच हजारांच्या आत रक्कम लागेल. ती आणायची कुठून? कर्ज काढायची गरज नाही, ती कपाटात पडून आहे. एका रविवारी दुपारी कपाट तपासले तेव्हा सहा महिन्यांत एकदाही न हललेला 22 हजारांचा माल निघाला. त्यातला साडेसात हजारांचा माल चार महिन्यांत मुदतबाह्य होणार होता. स्टॉकिस्ट परत घेतो, पण त्याच्या मुदतीतच घेतो, आणि उशीर झाला की तोटा आपला. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढच्या चार महिन्यांत मुदत संपणारा माल बाजूला काढायचा आणि त्याच आठवड्यात स्टॉकिस्टशी बोलायचे. मुदत संपलेले औषध तर वेगळ्या खोक्यात, वर ‘विक्रीसाठी नाही’ लिहून ठेवायचे, म्हणजे घाईत चुकून हातात जाणार नाही.

दुसरी जोडी बळ आणि धोक्याची. सवलतीच्या दुकानाशी सवलतीनेच लढावे असे पहिल्यांदा वाटते. हिशेब करून पाहू. सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचा वाटा 16 टक्के धरलेला असतो. कर बाजूला ठेवला तर 100 रुपयांना घेतलेली स्ट्रिप 116 ला विकली जाते. तिच्यावर 15 टक्के सवलत म्हणजे 17 रुपये 40 पैसे. दुकानदाराला पदरचे 1 रुपया 40 पैसे घालावे लागतात. इतर औषधांवर वाटा साधारण 20 टक्के असतो, तिथे 15 टक्के सवलत दिली तर उरलेल्यात भाडे, वीज आणि मुलाचा पगार भागत नाही. मोठे दुकान कंपन्यांकडून घाऊक माल घेते, त्याचे गणित वेगळे असते. तेव्हा कागदावर स्पष्ट लिहावे: ‘सरसकट सवलत देणार नाही.’ काय करायचे नाही हे ठरवणे हीसुद्धा कृतीच आहे.

मग बळ कोणते लावायचे? मालक स्वतः फार्मासिस्ट आहे आणि घरे ओळखतो, हे. याचा उपयोग कसा, ते रमजानच्या उदाहरणाने कळेल. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने रोजा ठेवला आणि औषधाची वेळ किंवा मात्रा तीच राहिली, तर साखर एकाएकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. रोजे सुरू होण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, असा मधुमेहतज्ज्ञांचा सल्ला असतो. पुडके देताना त्याच सुमारास मालकाने विचारावे, ‘चाची, रोज्यांसाठी डॉक्टरांना भेटून आलात का?’ नवी चिठ्ठी आली की पुडक्यावर सहेरी आणि इफ्तारच्या गोळ्या वेगळ्या लिहून द्याव्यात. मात्रा स्वतःहून बदलून सांगू नये, तो अधिकार डॉक्टरांचा. हा प्रश्न मोबाइलचे अ‍ॅप चाचीला विचारत नाही.

तिसरी जोडी जरा अवघड, कारण तिच्यात बळच धोका होऊन बसते. सगळे एका माणसावर अवलंबून आहे. मालक जुम्याच्या नमाजला, बँकेत किंवा आजारी नातेवाइकाकडे गेला की काउंटरवर फक्त मुलगा उरतो. चिठ्ठीची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच देता येतात. त्या अर्ध्या तासात चुकीची स्ट्रिप गेली तर गिऱ्हाइकाचा जीव आणि दुकानाचा परवाना, दोन्ही पणाला लागतात. उपाय साधा आहे. बाहेर जाण्याच्या वेळा ठरवायच्या आणि पाटी लावायची: ‘शुक्रवारी दीड ते अडीच चिठ्ठीची औषधे मिळणार नाहीत.’ त्या वेळात मुलाने साबण, बेबी पावडर, सॅनिटरी पॅड असे सामान द्यावे आणि चिठ्ठ्या घेऊन ठेवाव्यात. तासाभराची विक्री थोडी कमी होईल, तेवढी होऊ द्यावी.

आता मूळ कागद फाडून नवा करायचा. त्यावर तीनच कामे, आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी: कोण करणार, कधीपासून, यश कशावरून कळणार आणि कधी थांबायचे.

महिन्याचे पुडके मालक एक तारखेपासून सुरू करेल. फोन करण्याचे काम घरातले कोणी करणार असेल तर त्याचेही नाव लिहावे. वीसपैकी पंधरा घरे तिसऱ्या महिन्यातही पुडके घेत असतील तर काम जमले. दहापेक्षा कमी उरली तर थांबून, सोडून गेलेल्या दोन घरांना कारण विचारावे. कपाटाची तपासणी मालक आणि मुलगा मिळून पहिल्या रविवारी करतील. तीन महिन्यांनी न हललेला माल 22 हजारांवरून 12 हजारांखाली यायला हवा. पाटी मुलाने लावायची आणि ती पाळली जाते का हे मालकाने पाहायचे. इथे थांबण्याची अट नाही, हे काम कायमचे.

तिसऱ्या महिन्यात ‘नाही’ची वही पुन्हा चौदा दिवस उघडावी. त्या नऊ औषधांचे 38 ‘नाही’ पाचाच्या आत आले तर कागद कामाला आला. आले नाहीत, पण पुडकी मात्र जात आहेत, असे दिसले तर किमान दोन स्ट्रिपांचा नियम कोणी पाळत नाही असे समजावे. आणि वहीत अगदी नवीच औषधे दिसू लागली, तर बहुधा जवळच्या दवाखान्यात नवे डॉक्टर बसू लागले आहेत. त्यांना भेटून ते नेहमी काय लिहून देतात ते विचारणे, हे पुढच्या तीन महिन्यांच्या कागदावरचे पहिले काम.