'मास्टरी लर्निंग' काय आहे? मागे पडलेल्या मुलांसाठीचा वेळ येतो कुठून?

पाचवी आणि आठवीत नापास झालेल्या मुलांना पुन्हा त्याच वर्गात बसवण्याची मुभा केंद्र सरकारच्या डिसेंबर 2024 च्या नियमांनी दिली. त्याआधी मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची, असंही त्यात म्हटलंय. महाराष्ट्राने असा निर्णय 2023 मध्येच घेतला होता.

म्हणजे मूल कुठे अडकलंय, हे वर्ष संपल्यावर पाहायचं आणि वर्षभराची कसर दोन महिन्यांत भरून काढायची. हेच काम दर दोन आठवड्यांनी केलं तर? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1968 मध्ये मांडलेली 'मास्टरी लर्निंग' ही पद्धत नेमकं तेच सांगते.

मूळ कल्पना काय?

1963 मध्ये जॉन कॅरोल यांनी एक साधा विचार मांडला. मूल किती शिकेल, हे त्याला लागणारा वेळ आणि प्रत्यक्षात मिळालेला वेळ यांच्या प्रमाणावर ठरतं. आपल्या शाळांत वेळ सगळ्यांना सारखाच मिळतो, त्यामुळे शिकणं कमी-जास्त होतं. ब्लूम म्हणाले, शिकण्याची पातळी सारखी ठेवा आणि वेळ कमी-जास्त होऊ द्या.

वर्गात हे कसं चालतं?

समजा, सहावीच्या वर्गात 40 मुलं आहेत. अपूर्णांकांची बेरीज आठ तासिकांत शिकवून झाली. नवव्या तासिकेला दहा प्रश्नांची छोटी चाचणी होते. तिचे गुण निकालात धरत नाहीत. दहापैकी आठ बरोबर आले की धडा आला, असं मानायचं. 22 मुलांना तेवढं जमलं, 18 जणांना नाही.

आता त्या 18 जणांच्या चुका बघायच्या. 11 मुलांनी 1/2 + 1/3 चं उत्तर 2/5 काढलंय, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. पाच जणांनी छेद 6 केला, पण अंश तसेच ठेवले आणि उत्तर 2/6 काढलं. उरलेले दोघं पाढ्यांतच अडकलेत. गुण साधारण सारखे असले तरी अडचणी तीन वेगळ्या आहेत.

पुढच्या दोन तासिका दुरुस्तीच्या. इथे तोच धडा पुन्हा फळ्यावर शिकवायचा नसतो, शिकवण्याची रीत बदलायची असते. पहिल्या गटाला कागदाची पट्टी देऊन सहा समान घड्या घालायला सांगायच्या. अर्धी पट्टी म्हणजे तीन भाग, एक तृतीयांश म्हणजे दोन भाग, एकूण पाच. उत्तर 5/6. आपलं 2/5 हे उत्तर तर अर्ध्यापेक्षाही लहान होतं, हे मुलांना स्वतःलाच दिसतं.

मग वेगळे प्रश्न असलेली दुसरी चाचणी. प्रश्न तेच ठेवले तर मुलं उत्तरं पाठ करून पास होतात आणि आपण फसतो.

बाकीच्या 22 जणांचं काय?

त्यांना पुढचा धडा द्यायचा नाही, तीच गणितं आणखी द्यायची नाहीत आणि नुसतं बसवूनही ठेवायचं नाही. त्याच विषयात खोल नेणारं काम द्यायचं. उदाहरणार्थ, अंश 1 असलेले वेगवेगळे अपूर्णांक मिळवून 2/3 तयार करा. 1/2 + 1/6 हे एक उत्तर. आणखी कोणती सापडतात? ही पायरी नीट आखली नाही तर हुशार मुलांचे हे तास वाया जातात.

ही पद्धत कुठे अडते?

वेळेवर. समजा, दुसऱ्या चाचणीत आणखी 13 मुलं पास झाली, तरी पाच उरतात. वर्ग थांबवावा तर 35 जण खोळंबतात, पुढे जावं तर पाच जण सुटतात. ब्लूम यांच्या पद्धतीत वर्ग पुढे जातो आणि उरलेल्यांना वेगळी मदत दिली जाते. पहिल्या धड्यांत जादा वेळ लागेल, पण पाया पक्का होत गेला की मुलांमधलं अंतर आणि हा जादा वेळ कमी होईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

रॉबर्ट स्लाव्हिन यांनी 1987 मध्ये यावर बोट ठेवलं. किमान चार आठवडे चाललेले प्रयोग त्यांनी तपासले. शिकवलेल्या भागावरच्या खास चाचण्यांत फायदा दिसत होता. पण दोन्ही वर्गांना सारखाच वेळ देऊन सर्वसाधारण प्रमाणित चाचणी घेतली, तेव्हा तो जवळपास नाहीसा झाला. दुरुस्तीचे तास अभ्यासक्रमातूनच कापले, तर धडे पक्के होतात पण कमी होतात, हा त्यांचा मुद्दा.

दुसरीकडे, जेम्स कुलिक आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये शंभरहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. त्यांना एकूण परिणाम चांगला दिसला आणि कमी गुणांच्या मुलांना जास्त फायदा झाल्याचं आढळलं. मात्र जिथे कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आपापल्या वेगाने शिकायला सोडलं होतं, तिथे कोर्स पूर्ण करणारे कमी झाले.

मग फेरपरीक्षेचं काय?

पालक म्हणून शाळेला तीन प्रश्न विचारता येतील. मूल नेमकं कुठे चुकलं, याची नोंद आहे का? जादा तासांत शिकवण्याची रीत बदलणार आहे का? आणि हे तास वेळापत्रकात कुठे आहेत? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर जादा मार्गदर्शन कागदावरच राहील आणि फेरपरीक्षेत मूल पुन्हा त्याच 2/5 वर अडकेल.