विश्लेषण : चारही रस्त्यांना हिरवा दिवा, पायी चालणाऱ्याला कधी?

सुरगाण्याहून वणी, दिंडोरीमार्गे एसटीने नाशकात आलेला माणूस सीबीएसला उतरतो आणि जिल्हा रुग्णालयाकडे किंवा एखाद्या कचेरीकडे पायी निघतो. तालुक्याच्या गावी रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडे पाहिले की भागते. शहरातील मोठ्या चौकात दिवे बदलत राहतात आणि तो मात्र कडेला उभाच असतो. एका बाजूची वाहने थांबली की दुसऱ्या बाजूची सुटतात. यात चूक त्याची नसते. त्याची पाळी दिव्यांच्या आराखड्यात बहुधा धरलेलीच नसते. हे समजून घ्यायचे तर सिग्नलचा ‘फेज आराखडा’ वाचता आला पाहिजे.

चौकात नेमकी टक्कर कुठे होते?

चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक रस्त्यावरून येणारे वाहन डावीकडे, सरळ किंवा उजवीकडे जाते. म्हणजे हालचाली एकूण १२. प्रत्येक दिशेला एकच लेन धरून या १२ रेषा कागदावर काढल्या, तर १६ ठिकाणी त्या एकमेकींना छेदतात. आपण डाव्या बाजूने वाहने चालवतो, त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याला समोरून येणारी रांग कापावी लागते. १६ पैकी १२ छेद या उजव्या वळणामुळेच तयार होतात.

असा एक छेद किती महागात पडतो, हे नाशिकने ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाहिले. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील मिरची चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आणि ट्रक यांची धडक झाली, बसने पेट घेतला आणि किमान १२ जणांचा जीव गेला. ज्या दोन रेषा एकमेकींना छेदतात त्यांना एकाच वेळी जागा द्यायची नाही, एवढेच सिग्नलचे काम आहे.

फेज आराखडा म्हणजे काय?

छेद न जाणाऱ्या हालचालींचा एक गट म्हणजे एक फेज. आराखड्यात प्रत्येक फेजसाठी चौकाचे एक छोटे चित्र असते, त्यात सुटणाऱ्या हालचाली बाणांनी दाखवतात आणि खाली सेकंद लिहितात. सगळ्या फेज एकदा होऊन पुन्हा पहिली येईपर्यंतचा वेळ म्हणजे एक फेरी.

आपल्याकडे सर्रास दिसणारी पद्धत म्हणजे एका वेळी एकच रस्ता सोडणे. ही पद्धत समजण्यासाठी एक काल्पनिक चौक घेऊ. उत्तर आणि दक्षिणेकडून तासाला प्रत्येकी ७२०, पूर्व आणि पश्चिमेकडून प्रत्येकी ५४० वाहने येतात. हिरवा लागल्यावर एका रस्त्यावरून सेकंदाला एक, म्हणजे तासाला ३६०० वाहने निघू शकतात. तेव्हा उत्तरेला एकूण वेळेच्या २० टक्के हिरवा हवा, दक्षिणेला २० टक्के, पूर्व-पश्चिमेला १५-१५ टक्के. बेरीज ७० टक्के.

शिवाय प्रत्येक बदलाला साधारण ४ सेकंद वाया जातात : पुढचे वाहन हलायला वेळ लागतो आणि आधीचे वाहन चौकातून बाहेर पडावे लागते. चार बदलांचे १६ सेकंद. ब्रिटिश संशोधक वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरात आहे :

```
C = (1.5 × L + 5) / (1 − Y)
C = (1.5 × 16 + 5) / (1 − 0.70) ≈ 97
```

यात L म्हणजे वाया जाणारे सेकंद आणि Y म्हणजे हिरव्याच्या वाट्यांची बेरीज. उत्तर ९७ आले. सोयीसाठी फेरी १०० सेकंदांची धरू. त्यातून १६ वजा केल्यावर ८४ उरतात. उत्तर-दक्षिणेला २४-२४, पूर्व-पश्चिमेला १८-१८. वाहनांचा हिशेब चोख जुळला.

मग चालणारा कुठे अडकतो?

याच चौकात उत्तरेचा रस्ता ओलांडायचा आहे असे समजा. त्याचे दोन भाग असतात. एका भागातून वाहने चौकात येतात. ती फक्त उत्तरेचा हिरवा असताना. दुसऱ्या भागातून वाहने उत्तरेकडे बाहेर पडतात. ती दक्षिणेकडून सरळ येतात, पूर्वेकडून उजवीकडे वळून येतात आणि पश्चिमेकडून डावीकडे वळून. म्हणजे इतर तिन्ही फेजमध्ये हा भाग वाहता असतो आणि मोकळा होतो तो नेमका उत्तरेच्या हिरव्यात, जेव्हा पहिला भाग वाहत असतो.

थोडक्यात, दोन्ही भाग एकाच फेजमध्ये कधीच मोकळे होत नाहीत. अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकावर थांबावे लागते, आणि तिथे उभे राहायला जागा नसेल तर धावावे लागते. त्यात ‘डावीकडे मुक्त वळण’ असेल तर पश्चिमेकडून उत्तरेला वळणारी रांग तुटतच नाही, आणि उरलेली फटही बुजते.

सगळी वाहने थांबवून पादचाऱ्यांना वेळ का देत नाहीत?

१४ मीटर रस्ता ओलांडायला सर्वसाधारण चालीने १२ सेकंद लागतात. निघायला आणि रेंगाळणाऱ्यांना धरून २० द्यावे लागतील. मग १०० पैकी ३६ सेकंद गेले आणि ६४ उरले. वाहनांना हवेत ७०. दर फेरीत थोडी वाहने मागे राहतील आणि रांग वाढत जाईल. फेरी १२० सेकंदांची केली तर ८४ हवेत आणि ८४च उरतात. एक बस जास्त आली की हिशेब कोलमडतो. फेरी त्याहून लांबवली की लोक दिवा न जुमानता घुसू लागतात.

मार्ग कोणता?

मार्ग फेज बदलण्यात आहे. उत्तर-दक्षिणेची सरळ वाहतूक एकत्र सोडायची, मग दोन्हीकडची उजवी वळणे एकत्र, तसेच पूर्व-पश्चिमेचे. फेज चारच राहतात. चौथा हिस्सा वाहने उजवीकडे वळतात आणि त्यांना स्वतंत्र लेन आहे असे धरले, तर वरच्याच चौकात १०० सेकंदांत ७० ऐवजी ४४ सेकंद हिरवा पुरतो. शिवाय उत्तर-दक्षिण सरळ जात असताना पूर्वेचा आणि पश्चिमेचा रस्ता पूर्ण ओलांडता येतो. तेव्हा फक्त डाव्या वळणाला लाल बाण दाखवून थांबवावे लागते.

याची किंमतही आहे. उजव्या वळणाची लेन जागा खाते. ती कडेच्या पार्किंगमधून किंवा अतिक्रमणातून मोकळी करावी लागते. आणि समोरासमोरच्या वाहतुकीत फार फरक असेल तर बचत घटते. एका बाजूची रांग संपते आणि तिचा हिरवा रिकामाच जळत राहतो.

आपल्या चौकात हे कसे तपासायचे?

मोबाइलचे घड्याळ लावून एक फेरी मोजा आणि कोणता रस्ता कोणानंतर सुटतो ते लिहा. हिरवा संपतानाही रांग उरत असेल तर वेळ कमी आहे. रस्ता रिकामा असताना हिरवा चालू असेल तर जास्त. शेवटी पदपथावर उभे राहून पाहा : पूर्ण फेरीत समोरच्या रस्त्याचे दोन्ही भाग एकत्र किती सेकंद मोकळे होते?

उत्तर शून्य आले, तर त्या आराखड्यात माणूस नाही. महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी प्रत्येक सिग्नलचा फेज आराखडा चौकातच फलकावर लावावा. पादचाऱ्याचा बाण कोणत्या फेजमध्ये आहे, हे मग ज्याला त्याला दिसेल, आणि नसेल तर तेही दिसेल.