आवाज बंद केला तर गाणं ओळखता येतं का? मिरवणुकीच्या व्हायरल व्हिडिओचं गणित

मिरवणूक निघते, डीजे वाजतो, लोक नाचतात. दुसऱ्या दिवशी त्याच मिरवणुकीचा व्हिडिओ फिरू लागतो आणि त्यात एखादं चिथावणीखोर गाणं ऐकू येतं. पण ते गाणं तिथे खरंच वाजलं होतं का? मोबाइलमधल्या साध्या ॲपवरही व्हिडिओचा मूळ आवाज काढून दुसरा लावता येतो.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न किरकोळ नाही. जून 2023 मध्ये आष्टीत औरंगजेबासंदर्भातल्या सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून बंद पुकारला गेला होता. समाजात तेढ निर्माण करणाऱ्या मजकुरावर आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. अशा वेळी कानावर विश्वास ठेवता येत नसेल, तर डोळ्यांनी किती कळतं?

कपडे आणि ठिकाण कुठपर्यंत नेतात?

आधी सोपं उदाहरण घेऊ. तुमच्यासमोर एका लावणीचा मूक व्हिडिओ आहे. नऊवारी, घुंगरू, ढोलकीवाला आणि समोर बसलेले प्रेक्षक एवढं दिसतं. यावरून प्रकार कळतो, गाणं नाही, कारण असा थाट शेकडो लावण्यांत आहे.

नाचणारी अमृता खानविलकर आहे हे ओळखलं, की यादी एकदम छोटी होते. 2010 च्या 'नटरंग'मधली 'वाजले की बारा' आणि 2022 च्या 'चंद्रमुखी'मधली 'चंद्रा' या तिच्या दोन गाजलेल्या लावण्या. सोनाली कुलकर्णी असती, तर 'नटरंग'मधलीच 'अप्सरा आली' आठवली असती. पण अमृताच्या दोघींपैकी कोणती?

इथे ओठ कामाला येतात. प, फ, ब, भ, म म्हणताना दोन्ही ओठ सहसा मिटतात. 'बारा' म्हणताना ते एकदा मिटावेच लागतात, तर 'चंद्रा' म्हणताना मिटतच नाहीत. म्हणून चेहरा जवळून दिसतो अशी ओळ निवडायची, ओठ कोणत्या क्षणी मिटतात ते टिपायचं आणि मूळ गाण्याशी ताडून बघायचं. चार-पाच ठिकाणी मेळ बसला नाही, तर ते गाणं यादीतून बाद.

मिरवणुकीत ओठ दिसत नाहीत, मग?

गर्दीत लोक गाणं म्हणत असतीलच असं नाही. तिथे ठेका बघायचा. हलगी किंवा ढोल वाजवणारा दिसत असेल तर उत्तम, कारण नाचणाऱ्याच्या पायापेक्षा त्याचा हात ठेक्याला पक्का असतो. 15 सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि 4 ने गुणा. ही झाली मिनिटाची लय. आता ऐकू येणाऱ्या गाण्याची लय तशीच मोजा. एक आकडा दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट किंवा निम्मा आला, तर घाबरू नका. काही जण प्रत्येक ठोक्यावर नाचतात, काही एकाआड एक.

खरी खूण पुढे आहे. आवाज चित्रापेक्षा थोडा मागे किंवा पुढे असणं हा पुरावा नाही. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे ढोल 34 मीटर दूर असेल तर तो एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येणारच. हे अंतर जवळपास तेवढंच राहिलं तर काळजी नाही. पण सुरुवातीला हात आणि ठोका जुळतात, दहा सेकंदांनी मागे-पुढे होतात आणि पुढे फरक वाढतच जातो, असं दिसलं तर आवाज बाहेरून लावल्याचा संशय पक्का होतो. मात्र मध्येच व्हिडिओ कापून जोडलेला नाही ना, हे आधी बघायला हवं.

ही पद्धत कुठे थांबते?

लय जुळली म्हणजे गाणं सापडलं असं नाही. डीजेवरची अनेक गाणी जवळपास एकाच लयीत असतात. चालही फसवते. 'सैराट'मधलं 'झिंगाट' 2018 मध्ये 'धडक'मध्ये हिंदीत आलं. गर्दीच्या नाचावरून मराठी वाजतंय की हिंदी, हे सांगता येणार नाही. चिथावणीचा आरोप तर बहुतेकदा शब्दांवर असतो आणि शब्द नाचात दिसत नाहीत.

म्हणजे मूक दृश्य 'हे गाणं नव्हतं' हे बऱ्याचदा दाखवू शकतं, 'हेच होतं' हे क्वचितच. त्यासाठी ज्या मोबाइलवर चित्रीकरण झालं त्यातली मूळ फाइल हवी, किंवा त्याच क्षणाचा दुसऱ्या कोणीतरी काढलेला व्हिडिओ. दोन वेगळ्या मोबाइलमध्ये एकाच क्षणी दोन वेगळी गाणी ऐकू आली, तर किमान एक खोटं आहे. कोणतं, हे पुन्हा ढोलवाल्याच्या हाताकडे बघून तपासता येतं.