चटणी आपली, नाव मॉलचं?

मंद्रूप परिसरातल्या बचतगटवाल्यांनो, मोठा मॉल म्हणतो, शेंगाचटणी तुम्ही करा, पाकिटावर नाव आमचं. ऑर्डर घ्यावी का? जरा हिशोब मांडा.

समजा, पाकिटाला खर्च ५० रुपये आणि मॉलचा भाव ५६. महिन्याला २००० पाकिटं गेली तर १२ हजार सुटतात. पण पैसे ४५ दिवसांनी, तोवर आपलेच दीड लाख अडकतात. स्वतःच्या नावाने दुकानदाराला ६५ ला दिली, तर फिरती आणि परत आलेला माल यांचे ५ रुपये जाऊन १० उरतात. मात्र खप ५०० चाच असला तर हाती ५ हजार.

म्हणजे मॉलची ऑर्डर वाईट नाही, धोका वेगळा आहे. ती बंद पडली की त्यांच्या नावाची छापील पाकिटं आपल्या अंगावर पडतात आणि गिऱ्हाईक मॉलचंच राहतं. म्हणून करार लेखी करा, उरलेल्या पाकिटांची किंमत मॉलवर घाला. उद्यम नोंदणी करून ठेवा. २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांपुढे पैसे थकवले तर व्याज मागता येतं. आणि मॉलच्या नफ्यातून हळूहळू निम्मा माल आपल्या नावाने बाजारात उतरवा.