शेपटीमागे धावणारा कुत्रा गंमत करीत नसतो

इतवारीतील एका व्यापारी कुटुंबाने मध्यंतरी 14 महिन्यांचा जर्मन शेफर्ड कुत्रा माझ्याकडे आणला. शेपटीचे टोक चावून चावून रक्ताळलेले होते. मालकांची मागणी सरळ होती, "डॉक्टरसाहेब, शेपूटच कापून टाका, म्हणजे कटकट मिटेल."

मी नकार दिला. शेपूट गेली तरी गोल फिरण्याची ओढ जात नाही. कुत्रा उरलेल्या खुंटाला किंवा मागच्या पायाला चावू लागतो. दुखणे शेपटीत नव्हतेच.

विचारपूस केली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. खाली दुकान, वर घर. सकाळी 10 पासून रात्री 9 पर्यंत कुत्रा जिन्याखाली चार फुटांच्या साखळीला. समोर हातगाड्या, हमालांची ये-जा, स्कूटरचे भोंगे. पण त्याला स्वतःला करायला काहीच काम नाही. लहान असताना तो स्वतःभोवती फिरला की मुले टाळ्या वाजवीत. पुढे तेच वाढले तेव्हा वडीलधारे ओरडू लागले, पट्ट्याने मारू लागले. हसणे असो वा ओरडणे, कुत्र्याच्या दृष्टीने दोन्ही वेळा घरच्यांचे लक्ष मिळाले. माराने भीती वाढली आणि भीतीने फिरणे.

अशा वेळी "याला वेड लागले" असे म्हणण्याची घाई करू नये. आधी शरीर तपासावे. शेपटीच्या मुळाशी पिसवा किंवा गोचिडी, गुदद्वाराजवळच्या तुंबलेल्या ग्रंथी, कंबरेचे दुखणे, त्वचेची ॲलर्जी, यांपैकी कशानेही कुत्रा मागे वळून चावतो. कूस सतत चाटणाऱ्या कुत्र्याचेही तसेच. तिथे खाज आहे की आत पोटात दुखते आहे, हे आधी पाहावे लागते. फेफऱ्याचा एक प्रकारही असाच दिसू शकतो. फेफऱ्याच्या झटक्यात हाक मारली तरी जनावर भानावर येत नाही आणि झटक्यानंतर काही वेळ गोंधळलेले असते. म्हणून घरीच मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून आणावे. दवाखान्यात कुत्रा बावरतो आणि नेमके तेच करून दाखवीत नाही.

या कुत्र्याच्या ग्रंथी साफ होत्या, कंबर दाबली तरी दुखत नव्हती, गोचिडी नव्हत्या. हाक मारली की तो क्षणभर थांबे आणि पुन्हा फिरू लागे. ही अनावर सवय होती. तिच्यात घराण्याचाही वाटा असतो. जर्मन शेफर्ड आणि बुल टेरियर शेपटीमागे धावतात, डॉबरमन कूस चोखतात. डॉबरमनच्या सवयीचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध अमेरिकेतील संशोधकांनी 2010 मध्ये दाखविला. म्हणून मालकाने स्वतःला दोष देऊ नये आणि कुत्र्यालाही.

जखमेवर उपचार करून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली. ती केवळ जखम भरेपर्यंत. साखळी सोडून त्याला वरच्या खोलीत ठेवले. पहाटे बाजार उघडण्यापूर्वी आणि रात्री दुकान बंद झाल्यावर, अर्धा अर्धा तास फिरवायला सांगितले. जेवण एकदम ताटलीत न देता काही भाग खोलीत लपवून हुंगून शोधायला लावले. फिरू लागला की ना हसायचे, ना ओरडायचे. फिरण्याआधी तो शेपटीकडे टक लावून पाही. तेवढ्यातच त्याला दुसऱ्या कामाला लावायचे. दिवसातून किती वेळा आणि किती वेळ फिरला, हे वहीत लिहायचे.

तीन आठवड्यांनी वही पाहिली. फिरणे निम्म्यावर आले होते, पण जेवण अर्धवट सोडून तो अजूनही फिरत असे. इथे मी वर्तनतज्ज्ञाकडे पाठविले. माझ्या मते मर्यादा हीच: जखम होत असेल, जेवण-झोप सुटत असेल, हाकेने थांबत नसेल, अडवल्यावर अंगावर येत असेल, किंवा दिनक्रम बदलूनही तीन-चार आठवड्यांत पुरेसा फरक नसेल, तर थांबू नये. वर्तनतज्ज्ञ म्हणजे 'बस, ऊठ' शिकविणारा प्रशिक्षक नव्हे. जनावरांच्या वर्तनाचा खास अभ्यास केलेला पशुवैद्यक. असे तज्ज्ञ थोडे आहेत. आपल्याकडे सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी शरीराची तपासणी करून घ्यावी आणि पुढे कोणाकडे जावे, ते तिथेच विचारावे.

तज्ज्ञांनी फ्लुओक्सेटिन सुरू केले. हे औषध माणसांनाही देतात, म्हणून घरातल्या कोणाची गोळी कुत्र्याला देऊ नये. मात्रा वजनावर ठरते, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते एकाएकी बंद करता येत नाही. औषधासोबत दिनक्रम पाळला नाही तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आज तो कुत्रा बरा आहे, पण पूर्ण नाही. दिवाळीच्या फटाक्यांत त्याने पुन्हा दोन दिवस फेऱ्या मारल्या. तेव्हा मुले हसली नाहीत. त्याला आतल्या खोलीत नेऊन त्याच्याजवळ बसून राहिली. शेपूट मात्र पूर्ण शाबूत आहे.