पाटीवरचे गांधीजी

बँकेत पासबुक भरून घ्यायला रांगेत उभे राहिले की समोरच्या भिंतीवर गांधीजींच्या नावाची ती पाटी हमखास दिसते. ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, असा तिचा आशय. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत एखादा वैतागलेला सभासद तीच संचालकांना ऐकवतो आणि टाळ्या घेतो. टाळ्या रास्तच असतात. फक्त हे शब्द गांधीजींचे असल्याला आधार नाही.

पुष्कळ पाट्यांवर खाली ‘दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०’ असेही लिहिलेले असते. घोटाळा तिथेच उघडा पडतो. गांधीजी १८८८ मध्ये लंडनला गेले, १८९१ च्या जूनमध्ये बॅरिस्टर झाले आणि डर्बनला उतरले ते १८९३ च्या मे महिन्यात. म्हणजे १८९० साली ते लंडनमध्ये कायद्याची पुस्तके वाचत होते.

साल चुकले म्हणून वाक्यही खोटे, असे मात्र लगेच ठरत नाही. दुसऱ्या कधी बोलले असतील, असे कोणीही म्हणेल. त्यासाठी त्यांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी १०० खंड आहेत आणि ते ‘गांधी हेरिटेज पोर्टल’वर कोणालाही वाचता येतात. तिथे न सापडणे हाही अर्धाच पुरावा, कारण माणसाचा प्रत्येक शब्द कोणी टिपून ठेवत नाही. खरी मदत होते ती जुन्या छापील नोंदीची. जवळजवळ हाच मजकूर १९४१ मध्ये ‘प्रिंटर्स इंक’ या अमेरिकी जाहिरात-नियतकालिकात आला होता, तोही स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ इलियट यांच्या नावावर. इलियट यांनीही तो कुणाकडून ऐकला असेल. पण गांधीजींचे नाव त्याला पुढे कधीतरी चिकटले.

आता हे त्या सभासदाला सांगायचे कधी? तो बोलत असताना तर नाहीच. त्याची तक्रार खरी असते, आणि ‘नाव चुकले’ असे मध्येच कोणी म्हटले की अध्यक्षांना विषय गुंडाळायला आयते निमित्त मिळते. आधी तक्रारीला दुजोरा द्यावा. मग चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणावे, ‘मुद्दा अगदी बरोबर मांडलात. ते साल पाहून मला शंका आली म्हणून शोधले, तर हे सापडले,’ आणि कागद हातात द्यावा. ‘हल्ली कोणीही काहीही गांधीजींच्या नावावर खपवतो’ हे वाक्य गिळून टाकावे. ते त्याला उद्देशून नसले तरी लागते त्यालाच. अपवाद एकच. ते नाव सभेच्या इतिवृत्तात जाणार असेल, तर दुरुस्ती तिथल्या तिथे, एका वाक्यात सुचवावी.

पाटी उतरवायची गरज नाही. खालचे नाव आणि साल रंगवून टाकले तरी पुरे. जमल्यास ती काउंटरच्या आत बसणाऱ्यांनाही दिसेल अशा भिंतीवर हलवावी.