भागीदारीच्या आडचा पोटभाडेकरू

दुकानगाळ्यांच्या दाव्यांत पोटभाड्याचा मुद्दा आपण घाईने लिहितो आणि पुराव्याच्या टप्प्यावर तो हातचा जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 खाली काम करणाऱ्या वकीलमित्रांशी या अंकात त्याच एका मुद्द्यावर बोलायचे आहे.

या भांडणाचे मूळ भाड्याच्या रकमेत आहे. कलम 11 प्रमाणे मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. जुन्या पेठेतल्या गाळ्याचे भाडे 1,200 रुपये असेल, तर ही वाढ महिन्याला 48 रुपये भरते. शेजारचा तेवढाच गाळा लिव्ह अँड लायसन्सवर याच्या कित्येक पटींनी जातो. शिवाय जुन्या भाडेकरूला नूतनीकरण मागावे लागत नाही. कराराची मुदत संपली, तरी भाडे भरत राहणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. धंदा थकला तरी गाळा सुटत नाही तो यामुळे, आणि मग ‘भागीदार’ येतो.

समजा, कापडाच्या दुकानाच्या भाडेकरूने मोबाइल विकणाऱ्या तरुणाशी भागीदारीचा लेख केला. लेखात भाडेकरूला महिन्याला ठरावीक 25,000 रुपये आहेत आणि तोट्याशी त्याचा संबंध नाही. बँकेच्या खात्यावर सही तरुणाची, मालाची खरेदी त्याच्या नावे, शटरची किल्लीही त्याच्याकडे. भाडेकरू दसऱ्याच्या पूजेपुरता दुकानात येतो. हे पोटभाडेच आहे, असे कोणीही म्हणेल. पण मालकाच्या वादपत्रात ‘प्रतिवादीने गाळा बेकायदा पोटभाड्याने दिला आहे’ एवढे एकच वाक्य असते. उलटतपासणीत विचारले जाते, ‘पैसे देताना तुम्ही पाहिलेत का?’ मालक ‘नाही’ म्हणतो आणि दाव्याचा पाया हलतो.

वास्तविक त्याने पैसे पाहायला हवेत, असे नाही. पोटभाड्याचा व्यवहार दोघांतच होतो, हे न्यायालये जाणतात. गाळ्याचा अनन्य ताबा तिऱ्हाइताकडे गेला आहे, एवढे मालकाने आधी सिद्ध करायचे. मग तो ताबा कसा गेला, याचा खुलासा भाडेकरूवर येतो. सर्वोच्च न्यायालयाने सेलिना कोएल्हो परेरा या गोव्यातल्या प्रकरणात हा क्रम मांडला आहे. खरी भागीदारी मात्र पोटभाडे नव्हे, हे हेल्पर गिरिधरभाई प्रकरणात 1987 मध्येच स्पष्ट झाले. म्हणून वाद लेखाच्या नावाचा नसतो. गाळ्यावर कायदेशीर ताबा कोणाचा राहिला, हा प्रश्न असतो.

त्याचे उत्तर वहीखात्यांत असते. मालकाच्या वकिलाने भागीदारीचा लेख, बँक खाते चालवण्याचे अधिकार, जीएसटी नोंदणी, शॉप ॲक्टची नोंद आणि दोन-तीन वर्षांचे ताळेबंद हजर करण्यासाठी वेळेत अर्ज द्यावा. भाडेकरूच्या विवरणपत्रात नफ्याचा हिस्सा वर्षागणिक बदलतो की दरमहा तीच रक्कम दिसते, ते पाहावे. माझ्या मते ही एक नोंद दहा साक्षीदारांपेक्षा जास्त बोलते.

भाडेकरूच्या वकिलाची जबाबदारी त्याआधीची आहे. भागीदारी खरी असेल, तर लेखात स्पष्ट लिहावे की भाडेहक्क फर्मची मालमत्ता होणार नाही, आणि भागीदारी मोडल्यावर येणारा भागीदार बाहेर पडेल. नफ्यासोबत तोट्यातही हिस्सा ठेवावा, आणि खात्यावर भाडेकरूची सही राहू द्यावी. लेख चोख आणि व्यवहार उलटा असेल, तर लेखाचा उपयोग नाही. न्यायालय पडदा बाजूला करून पाहू शकते.

इतकी काळजी घ्यायची, कारण इथे सुधारणेला वाव नाही. थकबाकीच्या दाव्यात आधी 90 दिवसांची नोटीस लागते, आणि समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकलेले भाडे 15 टक्के साध्या व्याजासह व खर्चासह भरले, तर भाडेकरू वाचतो. मालकाच्या स्वतःच्या गरजेच्या दाव्यात दोघांच्या अडचणींची तुलना होते. कलम 16(1)(ई) खाली पोटभाडे सिद्ध झाले, तर यांपैकी काहीच आड येत नाही. चाळीस वर्षांचे दुकान एका लेखापायी जाते.

नव्या गाळ्यांबाबत एकच इशारा. लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट ताबा मिळेल, असे पक्षकाराला सांगू नका. कलम 24 फक्त निवासी जागेसाठी आहे. दुकानासाठी दिवाणी मार्गानेच जावे लागते. म्हणून नूतनीकरणाच्या अटी आणि पोटभाड्याची मनाई करारातच स्पष्ट घाला, आणि करार नोंदवा. कलम 55 प्रमाणे लेखी, नोंदणीकृत कराराची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते.

पुढच्या वेळी पोटभाड्याचे वादपत्र लिहायला बसाल, तेव्हा आधी ताळेबंद मागवा.